गप्प राहिला म्हणजे होकार?

अटल पेन्शन योजनेवरून २०२४ च्या मार्चमध्ये एक छोटा वाद झाला आणि निवडणुकीच्या धामधुमीत दोन दिवसांत विसरलाही गेला. तो विसरायला नको होता. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. योजनेतून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांचं म्हणणं असं की, आमचं खातं आम्हाला स्पष्टपणे न विचारता उघडलं गेलं. बँकेतल्या खालच्या कर्मचाऱ्यांना उद्दिष्टं पूर्ण करायची होती म्हणून. काँग्रेसचे जयराम रमेश यांनी त्यावरून टीका केली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी उत्तर दिलं.

त्या उत्तराचा आशय असा होता: दरवर्षी नव्याने निर्णय घ्यायला लावण्याऐवजी हप्ता आपोआप चालू राहावा आणि ज्याला नको असेल त्याने बाहेर पडावं, अशीच या योजनेची रचना आहे. पर्यायांची मांडणी कशी करावी याचं जे उत्तम शास्त्र आहे त्यानुसार ती केली आहे आणि ती सभासदांच्या हिताची आहे.

वर्तन-अर्थशास्त्राची भाषा आपल्याकडच्या राजकीय भांडणात इतक्या उघडपणे क्वचितच वापरली गेली असेल. म्हणून त्या उत्तराची गंभीर दखल घ्यायला हवी. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात मूळ प्रश्नच गाळला आहे.

आधी बरोबर काय ते. माणूस काहीच न करता बसला तर जो पर्याय आपोआप लागू होतो त्याला डिफॉल्ट म्हणतात. म्हातारपणासाठीच्या बचतीत या डिफॉल्टची ताकद किती, हे ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचे आकडे तपासून दाखवलं. त्या कंपनीत नोकरीला लागणाऱ्याने स्वतः अर्ज भरला तरच त्याची निवृत्ती-बचत सुरू होत असे. नंतर नियम उलटा केला: बचत आपोआप सुरू होईल, नको असेल त्याने तसं कळवावं. नियम बदलण्याच्या आदल्या वर्षी लागलेल्यांपैकी ४९ टक्के लोक योजनेत होते, बदलल्यानंतर लागलेल्यांपैकी ८६ टक्के. पगार तोच, सवलती त्याच. बदलली होती फक्त गप्प राहण्याची किंमत.

रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी अशा रचनेला ‘नज’ हे नाव दिलं. बंदी नाही, सक्ती नाही, पैशाचं आमिष नाही. फक्त पर्याय असे मांडायचे की माणूस स्वतःच्या भल्याच्या दिशेने जाईल आणि नको असेल तर सहज मागे फिरेल. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. अमेरिकेने २००६ च्या कायद्याने अशा आपोआप नोंदणीला वाट मोकळी करून दिली, ब्रिटनने २०१२ पासून ती मालकांवर बंधनकारकच केली. या सगळ्याला मी विरोध करत नाही. उद्याचं उद्यावर ढकलणं हा माणसाचा स्वभाव आहे आणि साठीनंतर त्याची भरपाई करता येत नाही. गप्प राहणाऱ्याच्या नावावर थोडे पैसे जमत असतील, तर ते काहीच न जमण्यापेक्षा बरं.

पण त्याच अमेरिकन कंपनीच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायची राहून जाते. आपोआप कापला जाणारा हिस्सा पगाराच्या ३ टक्के ठेवला होता आणि तो सर्वांत सुरक्षित, सर्वांत कमी वाढणाऱ्या फंडात जाई. नव्याने आलेल्यांतले बहुसंख्य त्या ३ टक्क्यांवरच थांबले. कंपनी तर पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंतच्या बचतीवर स्वतःची निम्मी भर घालत होती. म्हणजे ३ टक्क्यांवर थांबलेला माणूस मालकाकडून मिळणारे निम्मे पैसे सोडून देत होता. जुन्या नियमात स्वतः अर्ज भरणारे फार थोडे लोक ३ टक्के निवडत. एरवी ज्यांनी जास्त बचत केली असती, त्यातल्या काहींना या डिफॉल्टने खाली ओढलं.

कारण डिफॉल्ट फक्त आळसावर चालत नाही. लोक त्याला सल्ला समजतात. ‘साहेबांनी, सरकारने, बँकेने हा आकडा ठेवलाय, म्हणजे विचार करूनच ठेवला असणार,’ असं माणूस मनाशी म्हणतो. स्वायत्ततेचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. न दिलेला सल्ला सल्ला म्हणून घेतला जातो आणि त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

आता अटल पेन्शनकडे येऊ. योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. १८ ते ४० वयाच्या, बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खातं असलेल्या कोणालाही घेता येते. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना मात्र नाही. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन, हजार-हजारांच्या पाच पायऱ्या. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. २०२५ च्या जुलैमध्ये सभासदसंख्येने ८ कोटींचा टप्पा ओलांडला. घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, शेतमजूर, टपरीवाला, ज्यांना ना भविष्य निर्वाह निधी ना ग्रॅच्युइटी, त्यांच्यासाठीच ही योजना आहे. त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी १,००० रुपयांची सर्वांत खालची पायरी घेतली आहे.

समजा, नाशिकला ब्लाउज शिवणारी तीस वर्षांची एक बाई आहे. तिच्या खात्यातून दरमहा ११६ रुपये जातात. तीस वर्षांत ते होतात ४१,७६० रुपये. साठीनंतर तिला मरेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतील, तिच्यामागे नवऱ्याला तेवढेच, आणि दोघांनंतर वारसाला सुमारे १ लाख ७० हजार. परताव्याचा हिशेब मांडला तर तो वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास येतो आणि किमान पेन्शनची हमी सरकारची आहे. एवढ्या लहान हप्त्याला अशी हमी देणारं दुसरं काही त्या बाईला बाजारात सहज मिळणार नाही. योजना वाईट आहे असं म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी करून पाहावा.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तिला सांगायला हवी. पेन्शनचा आकडा महागाईबरोबर वाढत नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या १,००० रुपयांची किंमत आजच्या साधारण २३० रुपयांएवढी असेल. (हप्ताही वाढत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, शेवटच्या वर्षांतले ११६ रुपये आजच्या सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांएवढेच जड वाटतील.) आजच्या हजार रुपयांत जे येतं ते साठीतही यावं असं तिला वाटत असेल, तर तिला ५,००० ची पायरी घ्यावी लागेल आणि त्याचा हप्ता ५७७ रुपये आहे. शिवणकामातून महिन्याला ५७७ बाजूला पडतील का, हे तिलाच ठाऊक. कदाचित नाही पडणार. कदाचित ३,००० ची पायरी तिला जमेल. कदाचित तिला आधी शिलाई मशीनचं कर्ज फेडायचं असेल आणि आत्ता पेन्शनच नको असेल, तर तेही शहाणपणाचंच. स्वायत्तता म्हणतात ती हीच. आपल्या पैशाचं काय करायचं याचा निर्णय, चुकला तरी आपला.

आता हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो ते पाहा. ती बाई बँकेत जाते ती पासबुक भरून घ्यायला, किंवा अनुदान जमा झालं का विचारायला. काउंटरवर एक छापील अर्ज पुढे येतो. ‘इथे सही करा, म्हातारपणी पेन्शन मिळेल.’ पायरीचा रकाना समोरचा माणूसच भरतो, आणि तो सर्वांत लहान आकडा भरतो, कारण त्याला महिनाअखेर खात्यांची संख्या दाखवायची आहे. लहान हप्त्याला कोणी नकार देत नाही आणि लहान हप्ता पासबुकात डोळ्यांवरही येत नाही. जयराम रमेश यांनी टीकेत नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यामागे शाखा व्यवस्थापक आहे, व्यवस्थापकामागे विभागीय कार्यालय, आणि सर्वांत वर वर्षाचं उद्दिष्ट, मोहिमा आणि जास्त खाती उघडणाऱ्या बँकांचे सत्कार. सगळी साखळी नोंदणीचा आकडा मोजते. बाईला कळलं का, हे कोणत्याच रकान्यात भरायचं नसतं.

अर्थमंत्र्यांच्या उत्तरात जे गळलं ते हे. हप्ता आपोआप चालू राहावा, हे मला पूर्ण मान्य आहे. एकदा समजून-उमजून हो म्हटलेल्या माणसाला दरवर्षी पुन्हा विचारत बसलो, तर दिवाळीच्या खर्चात किंवा पोराच्या आजारपणात तो हप्ता नक्की तुटेल. त्याच्याच जुन्या निर्णयाला आपोआप चालू राहण्याची रचना हातभार लावते. पण तक्रार चालू राहण्याबद्दल नव्हतीच. ती सुरू होण्याबद्दल होती. गप्प राहिल्याने आधी दिलेला होकार पुढे चालू शकतो, पण न दिलेला होकार त्यातून जन्माला येत नाही. ज्या बाईला खातं उघडल्याचंच माहीत नाही ती गप्प राहिली असं म्हणताच येत नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

यावर एक जुना आणि वजनदार प्रतिवाद आहे. तो थेलर-सनस्टीन यांनीच मांडला आहे: तटस्थ डिफॉल्ट असं काही नसतंच. काहीतरी आपोआप लागू होणारच. मग ते हिताचं का असू नये? योजनेच्या आत असलेल्या माणसाबाबत हे खरं आहे. पैसे कोणत्या फंडात जातील याचं काहीतरी उत्तर असावंच लागतं, कारण पैसा हवेत लटकत ठेवता येत नाही. पण योजनेत घेणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ‘नोंदणी नाही’ ही स्थिती आधीपासून असते आणि ती मोडायला कोणाला तरी हात घालावा लागतो. तो हात घालणाऱ्याला ‘असं ना तसं डिफॉल्ट असणारच होतं’ ही पळवाट देता येणार नाही.

‘मग ब्रिटनने काय केलं? तिथेही लोकांना न विचारताच आत घेतलं.’ हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे, म्हणून ब्रिटनकडे नीट पाहू. तिथे २२ वर्षांवरच्या, वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त कमावणाऱ्या नोकरदाराला मालक पेन्शन योजनेत आपोआप घालतो. ठरावीक पगारावर एकूण किमान ८ टक्के जमा होतात, त्यातले किमान ३ टक्के मालकाचे. बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण साधारण दहात एक राहिलं आहे. पण आत घेतल्याचं पत्र कामगाराला लेखी द्यावंच लागतं. ते मिळाल्यापासून एक महिन्यात त्याने नको म्हटलं, तर कापलेले सगळे पैसे परत, जणू तो कधी आत आलाच नव्हता. आणि कामगाराने बाहेर पडावं म्हणून मालकाने आमिष दाखवणं किंवा दबाव आणणं हा कायद्याचा भंग ठरतो. तीन वर्षांनी मालक त्याला पुन्हा आत घेतो आणि पुन्हा नको म्हणण्याची संधी देतो. हे मला पूर्ण निर्दोष वाटत नाही; कर्जात बुडालेल्या माणसाने आधी कर्ज फेडावं की पेन्शन भरावं याचं उत्तर तिथलं डिफॉल्ट देत नाही. तरीही त्या कामगाराचं गप्प राहणं खरं गप्प राहणं आहे. त्याच्या हातात पत्र आहे, महिना आहे, परतीचे पैसे आहेत आणि राहिला तर मालकाचा हिस्सा आहे.

आपल्या शिंपी बाईकडे यातलं काय आहे? मालक नाही, म्हणून मालकाचा हिस्सा नाही. सरकारने सहहप्ता दिला तो मार्च २०१६ पर्यंत आलेल्यांना, तोही पाच वर्षांपुरता. बाहेर पडायचं तर जिथे खातं आहे त्या बँकेत अर्ज द्यायचा. हातात पडतात ते स्वतः भरलेले हप्ते आणि त्यावर प्रत्यक्ष मिळालेलं उत्पन्न, देखभालीचे आकार वजा करून. खात्यात पैसे नसले आणि हप्ता चुकला तर दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड. रक्कम किरकोळ आहे, मी तिचा बाऊ करणार नाही. पण आत येताना एक सही पुरली आणि ती काउंटरवर मागून घेतली गेली. बाहेर जाताना आपण आत आहोत हे आधी स्वतः शोधायचं, मग अर्ज शोधायचा, मग रोजंदारी बुडवून बँकेत जायचं. डिफॉल्ट स्वातंत्र्य राखतं की नाही, याची माझी कसोटी एवढीच आहे: बाहेर पडण्याचा त्रास आत येण्याच्या त्रासाएवढाच आहे का? इथे तो नाही.

शिकलेल्या, संघटित माणसाचं गप्प राहणं कसं असतं तेही याच काळात दिसलं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतून नव्या एकीकृत पेन्शन योजनेत जायचं का, हे ठरवायचं होतं. गप्प राहिलं तर जुन्या जागी. मुदत ३० जून २०२५ होती, ती सप्टेंबरअखेर आणि मग नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढली. बहुतेक जण हललेच नाहीत. त्यात आळस असेल, पण त्यांच्याकडे परिपत्रकं होती, संघटना होत्या, हिशेब मांडून देणारे सहकारी होते. त्यांच्या न हलण्याला निर्णय म्हणता येतं. त्यांना तीनदा मुदत मिळाली. शिंपी बाईला एकदाही नाही.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी नवं संशोधनही नको. अमेरिकेत एका कंपनीने नव्या नोकरदारांना महिनाभरात हो की नाही ते लिहूनच द्यायला सांगितलं होतं, डिफॉल्ट नाहीच. गॅब्रिएल कॅरल, जेम्स चोई, डेव्हिड लेबसन, मॅड्रियन आणि अँड्र्यू मेट्रिक यांनी २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. स्वतःहून अर्ज करण्याच्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत सुरुवातीची नोंदणी २८ टक्केबिंदूंनी वाढली. नुसतं थांबवून विचारल्यावर, गप्प राहण्याचा कोणताही फायदा न घेता. ज्यांच्या गरजा एकमेकांपासून फार वेगळ्या असतात त्यांच्यासाठी हाच मार्ग जास्त योग्य, असंही त्यांचं म्हणणं आहे. रिक्षावाला, शेतमजूर आणि घरकाम करणारी बाई यांच्या गरजा एका कंपनीतल्या कारकुनांपेक्षा किती तरी जास्त वेगळ्या असतात.

बँकेच्या अर्जावर मराठीत दोन ठळक चौकटी असाव्यात, हवं आणि नको, आणि पायरीचा रकाना सभासदानेच भरावा. लिहिता येत नसेल तर पाचही हप्ते मोठ्याने वाचून दाखवावेत. पहिला हप्ता कापल्यावर तिच्या भाषेत संदेश जावा आणि महिनाभरात नको म्हटलं तर सगळे पैसे परत यावेत. आणि बँकांचा सत्कार नोंदणीच्या आकड्यावर करण्याऐवजी पाच वर्षांनीही टिकलेल्या खात्यांवर करावा. यात नोंदणी थोडी घटेल. घटू द्या. न विचारता वाढवलेला आकडा पुढे गळतोच, आणि गळताना लोकांचा पेन्शन या कल्पनेवरचा विश्वासही घेऊन जातो.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं, वॉचमन काकांचं, गावाकडच्या धाकट्या भावाचं पासबुक एकदा त्यांच्या परवानगीने पाहा. दरमहा ठरावीक छोटी रक्कम जात असेल आणि नोंदीत APY अशी अक्षरं असतील, तर त्यांना विचारा की ही कशाची आहे हे ठाऊक आहे का. ठाऊक नसेल तर पायरी कोणती, साठीला किती मिळतील आणि आजच्या पैशात ते किती, एवढं कागदावर मांडून द्या. पायरी बदलता येते, वाढवता किंवा घटवता येते, बाहेरही पडता येतं, हेही सांगा. राहायचं की नाही ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.